घड्याळ सात मिनिटं पुढं होतं, हेही लिहा

साहेब, नमस्कार. मी पलूस तालुक्यात नदीकाठच्या एका ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक आहे. ऑगस्टच्या पुरात रात्रपाळीला एकटाच होतो. कंट्रोल रूमच्या ट्रेंचमध्ये पाणी आलं, म्हणून मी सगळे फीडर पाडले आणि इनकमर उघडून उपकेंद्र बंद केलं. त्यामुळं नळपाणी योजनेचे पंप थांबले, गाव दोन दिवस पाण्याविना राहिलं आणि घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या एका आजोबांना रात्रीत हलवावं लागलं. आता चौकशी समितीनं आठ दिवसांत लेखी जबाब मागितलाय: कोणाच्या परवानगीनं बंद केलं, आणि एखादाच फीडर का पाडला नाही? उपकार्यकारी अभियंत्यांना मी फोन केला होता, पण त्यांना आता आठवत नाही म्हणतात. माझ्या लॉगशीटवर वेळ २.५३ आहे, वरच्या उपकेंद्राच्या लॉगशीटवर २.४६. मी नंतर लिहिली असं लोक म्हणतात. पाणीपुरवठ्याच्या पंपचालकाला फोन करायला मला उशीर झाला, ते लिहू की नको? सोबत कच्चा मसुदा पाठवतोय.

*

तुमचा मसुदा दोनदा वाचला. त्यातलं पहिलं वाक्य आहे, ‘परिस्थिती अत्यंत गंभीर झाल्याने व संभाव्य जीवितहानी टाळण्यासाठी तात्काळ पुरवठा खंडित करणे भाग पडले.’ हे वाक्य काढून टाका. ते खोटं नाही, पण त्यात पाणी कुठं होतं, किती होतं आणि ते तुम्ही कोणत्या घडीला पाहिलंत, यातलं काहीच नाही. समितीतले लोक त्या रात्री तिथं नव्हते. कंट्रोल रूमच्या दारात उभं राहून तुम्हाला जे दिसलं ते त्यांना दिसलं पाहिजे, मगच निर्णय बरोबर की चूक हे ते ठरवू शकतील.

‘तात्काळ’ या शब्दाबद्दल मी अनुभवानं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही असाच एक जबाब दिला होता. एका रोहित्राचं तापमान वाढत होतं, मी थोडा वेळ लोड चालू ठेवायचं ठरवलं आणि ते जळालं. जबाबात मी लिहिलं की ‘तात्काळ लोड कमी केला’. रजिस्टरात दोन नोंदींमध्ये बावीस मिनिटं होती. लोड चालू ठेवण्यामागं माझं कारण होतं आणि ते सांगण्यासारखंही होतं, पण ते कोणी विचारलंच नाही. समितीचे पुढचे दोन तास त्या बावीस मिनिटांवर गेले, आणि त्यानंतर मी जे बोललो त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. बावीस मिनिटं मी स्वतःच लिहिली असती, तर बोलणं त्या बावीस मिनिटांत मी काय केलं यावर झालं असतं. पुढं मी स्वतः अशा समित्यांवर बसलो तेव्हा बहुतेक जबाब याच जागी घसरताना पाहिले. निर्णय चुकला म्हणून माणूस अडचणीत येतो, त्यापेक्षा जबाब आणि कागद जुळत नाहीत म्हणून जास्त वेळा येतो.

तेव्हा आधी घड्याळाचं बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

तुमची २.५३ ही वेळ कंट्रोल रूममधल्या भिंतीवरच्या घड्याळाची आहे. वरच्या उपकेंद्रात लोड पडल्याची नोंद २.४६ ला झाली. इनकमर उघडल्यावर लगेच तुम्ही वरच्या ऑपरेटरला फोन केलात, तो तुमच्या मोबाइलवर २.४७ ला लागलेला दिसतो, असं मसुद्यात आहे. म्हणजे मोबाइल आणि वरची लॉगशीट जुळतात, आणि भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे एवढाच त्याचा अर्थ निघतो. पण हे तुम्ही म्हणून भागणार नाही, दाखवावं लागेल. आजच कंट्रोल रूममध्ये जा. पाळीवरच्या माणसाला शेजारी उभं करा, मोबाइल घड्याळाशेजारी धरा आणि दोन्ही वेळा एका फोटोत येतील असा फोटो काढायला सांगा. घड्याळ अजून सात मिनिटं पुढं असेल तर फोटो जबाबाला जोडा. मधल्या काळात कोणी ते लावलं असेल, तर ‘घड्याळ नंतर लावण्यात आले, त्या रात्री ते किती पुढे होते हे मला आता दाखवता येत नाही’ असं लिहा. लॉगशीटला मात्र हात लावायचा नाही. २.५३ खोडून २.४६ करणं तर सोडाच, कडेला खुलाशाची ओळसुद्धा आता लिहायची नाही. खुलाशाची जागा जबाबात आहे.

आणि एकदा हे कळलं की प्रत्येक वेळेपुढं ती कोणत्या घड्याळाची हे लिहावं लागतं. रात्री दोनचं तासाचं रीडिंग लॉगशीटवर २.०० ला आहे, मोबाइलच्या हिशेबानं ते १.५३ ला झालं. शाखेच्या अभियंत्यांना लावलेला, न उचललेला फोन २.१६ चा, तो मोबाइलचा. या दोन्ही वेळा एका ओळीत नुसत्या मांडल्या तर मधे सोळा मिनिटं दिसतात, प्रत्यक्षात होती तेवीस. चौकशीत सात मिनिटांवरून माणूस खोटा ठरतो, म्हणून मी यावर इतका जोर देतोय. ट्रेंचमधलं पाणी फरशीपासून चार बोटं खाली असताना तुम्ही पाहिलंत, त्याची नोंद कुठंच नाही. तिथं ‘अंदाजे’ लिहा आणि अंदाज कशावरून तेही लिहा: उपकार्यकारी अभियंत्यांच्या फोननंतर, फीडर पाडायच्या आधी, म्हणजे मोबाइलप्रमाणे २.२१ ते २.४० च्या दरम्यान. अंदाजाला मिनिटाचा आकडा देऊ नका.

आता समितीचा मूळ प्रश्न, एखादाच फीडर का नाही. मसुद्यात तुम्ही यावर अर्धी ओळ लिहिली आहे, आणि तुमची खरी बाजू तिथंच आहे. समितीत कदाचित महसूलचे किंवा पंचायतीचे लोक असतील, त्यांना उपकेंद्र आतून माहीत नसणार. त्यांना साध्या शब्दांत सांगा. यार्डातून कंट्रोल रूममध्ये येणाऱ्या केबली ट्रेंचमधून येतात, त्यामुळं दार कोरडं असतानाच पाणी ट्रेंचच्या वाटेनं आत येतं. ब्रेकर आपोआप पडतो तो रिलेच्या इशाऱ्यावर, आणि रिले व ब्रेकरची ट्रिप कॉइल चालते बॅटरीच्या डीसी सप्लायवर. पाणी फरशीवर येऊन बॅटरी, चार्जर किंवा डीसीच्या वायरिंगपर्यंत पोचलं, की ब्रेकर पडेलच याची खात्री राहत नाही. मग पुराच्या पाण्यात कुठं ११ केव्हीची तार तुटून पडली, तर ती जिवंतच राहू शकते. वरच्या उपकेंद्रातला ३३ केव्हीचा ब्रेकर अशा लहान दोषावर पडेलच असं नाही, कारण रोहित्राच्या पलीकडचा थोडा करंट त्याला ओळखू येत नाही. म्हणून डीसी शाबूत आहे तोवरच सगळं उघडायला हवं होतं, आणि एकच फीडर पाडून हा धोका जात नव्हता, कारण सगळे फीडर त्याच एका बॅटरीवर होते.

हे कारण त्या रात्री तुमच्या डोक्यात होतं का, हे मला इथून कळत नाही. ते तुमचं तुम्हीच तपासा. असेल तर असं लिहा:

‘डीसी सप्लाय गेल्यास एकही ब्रेकर दोषावर पडणार नाही, हे मला प्रशिक्षणातून माहीत होते. पाणी बॅटरी रूमच्या फरशीवर आलेले नव्हते. ट्रेंचमधील पाणी फरशीपासून अंदाजे चार बोटे खाली होते व वाढत होते. किती वेगाने वाढत होते हे मी मोजले नाही. डीसी चालू असतानाच मी प्रथम ११ केव्हीचे चारही फीडर, नंतर रोहित्राचा ११ केव्ही बाजूचा ब्रेकर व शेवटी ३३ केव्ही इनकमर उघडला.’

‘फरशीवर आलेले नव्हते’ हे वाक्य तुमच्या विरुद्ध जातं असं वाटेल. जाऊ द्या. बॅटरी कोरडी होती हे दुसऱ्या दिवशीच्या फोटोंवरून समितीला कळणारच आहे. ते तुमच्याच हातानं, तुमच्या कारणाच्या शेजारी लिहिलेलं असलं, की कोरडी असताना का उघडलं हेही त्याच जागी वाचायला मिळतं. मोजलं नाही, हेही तसंच. पाण्याचा वेग तुम्ही नजरेनं ताडला असेल, तर ‘नजरेने’ असं लिहा.

आणि डीसीचा विचार त्या रात्री आला नसेल, फक्त ‘पाणी आलं, आता शॉक बसेल’ एवढंच वाटून बंद केलं असेल, तर तेवढंच लिहा. भीती हे अशा वेळी खरं कारण असू शकतं, आणि एकट्या माणसाला रात्री अडीचला ट्रेंचमधलं पाणी वाढताना बघून ती वाटणं साहजिक आहे. तांत्रिक कारण वेगळ्या परिच्छेदात, ‘आज विचार करताना मला असेही दिसते की’ अशा सुरुवातीनं देता येईल. पण आज सुचलेलं त्या रात्रीच्या खाती टाकू नका. समितीत कोणीतरी विचारेल, ‘डीसीचा व्होल्टमीटर बघितला होता का? किती होता?’ तो आकडा तुमच्याकडं नसेल तर सगळं कारणच रचलेलं वाटेल.

त्याच नियमानं आयर्विन पुलाची पातळी. मसुद्यात तुम्ही लिहिलंय की ‘पाणी ४४ फुटांवर गेले होते’. ते दुसऱ्या दिवशी गेलं. त्या रात्री तुमच्या हातात कार्यालयाच्या ग्रुपवरचा मेसेज होता, रात्री १० ची पातळी ४१ फूट ९ इंच सांगणारा. जबाबात ४१ फूट ९ इंचच येऊ द्या, मेसेज कधी आला आणि तुम्ही तो कधी वाचलात यासकट. समिती म्हणेल, इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, म्हणजे धोक्याची पातळी गाठलीच नव्हती, मग घाई का? त्याला उत्तर आहे, आणि ते ४४ च्या आकड्यापेक्षा भक्कम आहे. आयर्विनची पट्टी सांगलीची आहे. तुमचं उपकेंद्र वरच्या अंगाला नदीकाठी, सखल जागी आहे. तुमच्या यार्डात पाणी कुठं होतं हे ती पट्टी सांगत नाही, तुमचा ट्रेंच सांगत होता. म्हणून आयर्विनचा आकडा एका ओळीत सांगून मोकळे व्हा आणि ट्रेंचवर पूर्ण परिच्छेद लिहा. दुसऱ्या दिवशीचे ४४ फूट द्यायचे असतील तर शेवटी, ‘नंतर घडलेले’ म्हणून वेगळे. नंतर पाणी वाढलं म्हणून तुमचा निर्णय बरोबर ठरत नाही, तसंच ते ओसरलं असतं म्हणून चूकही ठरला नसता.

२०१९ ला तिथली बॅटरी रूम बुडाली होती, हे तुम्ही लिहिलंय. तुमची तिथली बदली त्यानंतरची आहे ना? मग ‘बुडाली होती असे मला आधीच्या यंत्रचालकांनी सांगितले होते, भिंतीवर रंगाने केलेली खूण मी रोज पाहतो’ असं लिहा. ऐकलेलं काय आणि स्वतः पाहिलेलं काय हे त्यातून वेगळं होतं, आणि रंगाची खूण कोणालाही येऊन बघता येते.

परवानगीचा भाग सगळ्यात नाजूक. मसुद्यात आहे, ‘उपकार्यकारी अभियंत्यांची परवानगी घेऊन’. ते म्हणतात आठवत नाही. तुम्ही ‘परवानगी’ हा शब्द धरून बसलात तर एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध होईल, आणि तुमचं पद लहान आहे. परवानगी हा निष्कर्ष आहे, तो समितीला काढू द्या. तुम्ही बोलणं लिहा:

‘मोबाइलवर २.१९ वाजता मी उपकार्यकारी अभियंत्यांना फोन केला. तो १ मिनिट ४० सेकंद चालल्याचे कॉल नोंदीत दिसते. ट्रेंचमध्ये पाणी आले आहे, उपकेंद्र बंद करावे लागेल, असे मी सांगितले. माझ्या आठवणीप्रमाणे ते म्हणाले, “बघा, तुमच्या जागेवर काय दिसतंय त्याप्रमाणे करा.” शब्द नेमके हेच होते असे मी सांगू शकत नाही. याची नोंद मी त्या वेळी मेसेज बुकमध्ये केली नाही.’

तो शेवटचा संवाद मी मसुद्यातल्या तुमच्या टिपेवरून घेतला आहे. तुम्हाला वेगळा आठवत असेल तर वेगळा लिहा. त्यांच्याबद्दल, ते आता का विसरले याबद्दल एक अक्षरही नको. मोबाइलमधली कॉल नोंद जुनी झाली की आपोआप निघून जाते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट आजच घ्या आणि सिमकार्डच्या कंपनीकडून त्या तारखेचा तपशील मिळत असेल तर तोही मागून ठेवा. त्या रात्रीच्या सुरक्षारक्षकाला किंवा तुमच्या आधीच्या पाळीच्या ऑपरेटरला बरोबर बसवून जबाब जुळवू नका. चांगल्या हेतूनं जुळवलेले जबाबही वाचताना ओळखू येतात, दोघांच्या कागदात तेच शब्द त्याच क्रमानं येतात.

आता पंपचालकाचा फोन. हो, लिहा. उपकेंद्र २.४६ ला बंद झालं आणि त्यांना फोन गेला ३.२० ला, मधे चौतीस मिनिटं. या चौतीस मिनिटांत तुम्ही आयसोलेटर उघडले, दोन कपाटांतली रजिस्टरं टेबलावर चढवली आणि वरच्या उपकेंद्राशी बोललात, हे तुमच्या मसुद्यात विखुरलेलं आहेच. ते एका जागी आणा. मग लिहा, ‘नळपाणी योजनेस बंद करण्याआधी कळवायला हवे होते. तो फोन मी आधी केला नाही. त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.’ इथं थांबा. मनुष्यबळ कमी होतं, पाळीला एकच माणूस होता, हे खरं आहे. ते पुढच्या स्वतंत्र परिच्छेदात, तक्रारीचा सूर न लावता, वस्तुस्थिती म्हणून द्या: त्या पाळीत मंजूर किती, हजर किती. कबुलीच्या वाक्याला ‘परंतु’ जोडून ते आलं की कबुली पुसली जाते.

आणखी एक प्रश्न समिती विचारेल, जो तुमच्या मसुद्यात नाही: बंद करण्याऐवजी वरच्या उपकेंद्राला तयारीत राहायला सांगून, पाणी अगदी फरशीला लागेपर्यंत पुरवठा चालू ठेवता आला नसता का? वरच्या ऑपरेटरनं तुमच्या एका फोनवर लाइन पाडली असती, आणि कदाचित गावाला आणखी तासभर वीज मिळाली असती. याचा विचार केला आणि फोनचा भरवसा नाही म्हणून सोडला असेल, तर तसं लिहा. सुचलंच नसेल तर ‘हा पर्याय त्या वेळी मला सुचला नाही’ हे वाक्य लिहायला घाबरू नका. मी समितीवर असताना असं वाक्य फार थोड्या जबाबांत वाचलं, आणि ज्यांत वाचलं त्यांच्या बाकीच्या ओळी तपासायची गरज कमी वाटली.

आजोबांच्या बाबतीत तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे? मशीन वापरणारा रुग्ण त्या फीडरवर आहे हे तुम्हाला आधी माहीत होतं की नव्हतं, एवढंच. त्यांची तब्येत, त्यांना कोणी हलवलं, कधी हलवलं, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी ऐकलं. ‘मला दुसऱ्या दिवशी कळले’ इतकं पुरे. मसुद्यातली सहानुभूतीची तीन वाक्यं मनापासूनची आहेत हे मला दिसतं. ती त्या घरी जाऊन सांगा, जबाबात ती बचावासारखी वाचली जातात. आणि पुरवठा परत यायला दोन दिवस का लागले, यात पडू नका. तुम्ही सकाळी आठला पाळी सोडलीत. ‘त्यानंतरच्या कामाची मला प्रत्यक्ष माहिती नाही’ असं लिहा. जबाब पूर्ण असणं म्हणजे तुमच्या निर्णयाशी जोडलेलं सगळं येणं, मग ते बाजूचं असो की विरुद्धचं. अख्ख्या पुराची हकीकत त्यात यायला हवी असं नाही.

लॉगशीट, मेसेज बुक, ट्रिपिंग रजिस्टर यांच्या प्रती तुमच्याकडं नसतील, तर आठवणीवरून जबाब देऊ नका. समितीला आजच लेखी अर्ज करा की या तीन कागदांच्या त्या रात्रीच्या पानांच्या प्रती मिळाव्यात, आणि त्या मिळाल्यापासून जबाबाला पाच दिवस द्यावेत. प्रती नाकारल्या तर जबाबात पहिल्याच परिच्छेदात तसं नमूद करा. ही अजून प्राथमिक चौकशी आहे, तुम्हाला आरोपपत्र मिळालेलं नाही. पण आज सही केलेला कागद पुढं विभागीय चौकशी लागली तर तुमच्याच समोर ठेवला जाईल, म्हणून घाईघाईत अर्धवट देण्यापेक्षा मुदत मागितलेली बरी. पोलिसांकडून काही नोटीस आली, तर मात्र आधी वकिलाला भेटा आणि मग लिहा.

जबाब पाच पानांच्या वर जाऊ देऊ नका. परिच्छेदांना क्रमांक घाला, प्रत्येक पानावर सही करा, जोडलेल्या कागदांना क्रमांक देऊन जबाबात त्या त्या ठिकाणी तो क्रमांक लिहा. लिहून झाल्यावर एक रात्र ठेवा. सकाळी पेन घेऊन वाचा आणि ‘तात्काळ’, ‘गंभीर’, ‘सर्वतोपरी’, ‘नाइलाजाने’ असे शब्द सापडतील तिथं थांबून त्यांच्या जागी काय पाहिलं किंवा किती मिनिटं लागली ते लिहा. दोन प्रती काढा, एक देताना दुसरीवर तारखेसह पोच आणि शिक्का घ्या.

घड्याळाचा फोटो मात्र आज संध्याकाळच्या आत. सेल संपला आणि कोणी नवा घालून घड्याळ बरोबर लावलं, तर ती सात मिनिटं दाखवायला तुमच्याकडं काही उरणार नाही.